बिल बंद होण्याची तारीख आणि पैसे भरण्याची तारीख

समजा, सांगलीतल्या एका शिक्षिकेने १४ ऑगस्ट २०२५ ला संध्याकाळी शाळेतून येताना तीस हजारांचं वॉशिंग मशीन घेतलं आणि क्रेडिट कार्ड स्वाइप केलं. त्यांच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघतं आणि पैसे भरायला त्यानंतर वीस दिवस मिळतात. १५ तारखेला रात्री ई-मेलवर बिल आलं. त्यात आठ हजार रुपये दाखवले होते : महिनाभराचा किराणा, विजेचं बिल आणि एक एसटीचं आरक्षण. वॉशिंग मशीनचा कुठेच पत्ता नव्हता. मोबाइलवर मात्र तीस हजार खर्च झाल्याचा मेसेज आदल्या दिवशीच येऊन गेला होता आणि मशीन सोमवारी घरपोच येणार होतं.

अशा वेळी लोक सहसा दोन निष्कर्ष काढतात. काहींना वाटतं, व्यवहार अडकला, दुकानदाराला पैसे पोचलेच नाहीत. काहींना वाटतं, बँकेच्या बिलात चूक झाली. यातलं काहीच झालेलं नसतं. खरेदी पुढच्या बिलात गेलेली असते. ती तिथे का गेली हे कळायला कार्डाच्या एका खरेदीमागे असलेल्या चार तारखा वेगवेगळ्या करून पाहाव्या लागतात. स्वाइप केल्याची तारीख ही पहिली. तो खर्च तुमच्या खात्यात पक्का नोंदला गेल्याची तारीख ही दुसरी. बिल बंद होऊन निघतं ती तिसरी, आणि पैसे भरण्याची शेवटची मुदत, म्हणजे ड्यू डेट, ही चौथी.

पहिल्या दोन तारखांमधल्या फटीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, म्हणून तिथून सुरुवात करतो. दुकानातल्या मशीनवर कार्ड लावलं की दुकानदाराच्या बँकेकडून विचारणा निघते, ती व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जाते आणि दोन-तीन सेकंदांत होकार परत येतो. या होकाराचा अर्थ एवढाच, की कार्ड चालू आहे, लिमिट शिल्लक आहे आणि तीस हजार रुपये या दुकानासाठी राखून ठेवले आहेत. मेसेज याच टप्प्यावर येतो, तुमचं लिमिटही याच क्षणी कमी होतं. पैसे मात्र अजून हललेले नसतात. दिवसभराचे व्यवहार दुकानाचं मशीन एकत्र करून आपल्या बँकेकडे पाठवतं, तिथून ते जाळ्यात जातात, मग तुमच्या बँकेकडे पोचतात आणि तेव्हा कुठे तुमच्या खात्यात पक्की नोंद होते. या प्रवासाला साधारण एक ते तीन दिवस लागतात. मध्ये सुट्टी आली, किंवा दुकानदाराने दिवसाचा हिशेब मशीनवर उशिरा बंद केला, तर आणखी वेळ जातो. आपल्या उदाहरणात संध्याकाळची खरेदी आणि दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. त्यामुळे पक्की नोंद १६ तारखेच्या आत होणं अवघडच होतं.

बहुतेक बँका बिल करताना पक्क्या नोंदीची तारीख धरतात, स्वाइपची नव्हे. १५ ऑगस्टचं बिल म्हणजे १६ जुलैपासून १५ ऑगस्टपर्यंत पक्क्या नोंदलेल्या व्यवहारांची यादी. वॉशिंग मशीन १६ ऑगस्टला नोंदलं गेलं, म्हणजे ते १५ सप्टेंबरच्या बिलात आलं. तिथे एक गोष्ट पुन्हा गोंधळात टाकते. सप्टेंबरच्या बिलावर मुदत लिहिलेली असते १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर, आणि यादीत पहिल्याच ओळीवर दिसते १४ ऑगस्टची खरेदी. मुदतीबाहेरची तारीख आत कशी, असा प्रश्न पडतो. कारण साधं आहे : बिलावर छापतात ती खरेदीची तारीख, आणि तो व्यवहार कोणत्या बिलात टाकायचा हे ठरतं नोंदीच्या तारखेवर.

बिलात न दिसणारा खर्च कुठे आहे हे शोधण्यासाठी बँकेला फोन करायची गरज नाही. बिलावरच उपलब्ध लिमिटचा आकडा असतो. शिक्षिकेच्या कार्डाचं एकूण लिमिट एक लाख आहे असं धरू. भरायचे आठ हजार वजा केले तर ब्याण्णव हजार उरायला हवेत. बिलावर उपलब्ध लिमिट बासष्ट हजार दाखवलं आहे. मधले तीस हजार म्हणजेच वॉशिंग मशीन. ते राखून ठेवलेलं आहे, पण अजून बिलात चढलेलं नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये हाच खर्च 'अनबिल्ड' किंवा 'पेंडिंग' या नावाखाली दिसतो. पेंडिंग म्हणजे अजून पक्की नोंद नाही. अनबिल्ड म्हणजे नोंद झाली, पण बिल निघायचं आहे. खरोखरच काही अडलं असेल तर ती रक्कम काही दिवसांनी पेंडिंगमधून नाहीशी होते आणि लिमिट तेवढं परत वाढतं. तसं झालं, तर दुकानदाराकडे चौकशी करायची वेळ आली असं समजावं.

आता तिसऱ्या आणि चौथ्या तारखेकडे येऊ, कारण पैसे जातात ते इथल्या गोंधळात. दुधाचा रतीब ज्यांच्याकडे असतो त्यांना ही व्यवस्था पाठच असते. गवळी एक ते तीस तारखेपर्यंतच्या लिटरांचा हिशेब करतो आणि पैसे पाच-सात तारखेपर्यंत द्यायचे असतात. तीन तारखेला घेतलेलं दूध, अजून मागच्या महिन्याचे पैसे दिले नसले तरी, चालू महिन्याच्या हिशेबात जातं. मागच्या महिन्याची बेरीज तीस तारखेलाच बंद झालेली असते. पैसे द्यायची तारीख पुढे ढकलली म्हणून ती बेरीज बदलत नाही.

कार्डाचंही तसंच. बिलाची तारीख ठरवते की कोणता खर्च कोणत्या बिलात जाणार. ड्यू डेट ठरवते फक्त ते बंद झालेलं बिल कधीपर्यंत फेडायचं. १५ ऑगस्टच्या बिलाची ड्यू डेट ४ सप्टेंबर. म्हणजे १६ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर या वीस दिवसांत दोन हिशेब एकाच वेळी चालू असतात : जुनं बिल फेडायचं बाकी असतं आणि नवं बिल भरत चाललेलं असतं. या काळात केलेली खरेदी ४ तारखेला फेडायची नसते. ती १५ सप्टेंबरच्या बिलात येणार आणि ५ ऑक्टोबरपर्यंत भरायची. (एकदा ४ आणि एकदा ५ तारीख येते, कारण वीस दिवस मोजताना मध्ये येणारा महिना कधी एकतीसचा असतो, कधी तीसचा. काही बँका ड्यू डेट एकाच तारखेवर पक्की ठेवतात. म्हणून पाठ केलेल्या तारखेवर विसंबू नये, दर बिलावरची वाचावी.)

जाहिरातीत 'पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी' असं लिहिलेलं असतं त्याचा उगमही इथेच आहे. दिवस खरेदीपासून मोजायला सुरू होतात, पण संपतात ते त्या बिलाच्या ड्यू डेटला. १६ ऑगस्टला नोंदलेला खर्च बिल निघायची वाट पाहत ३० दिवस थांबतो आणि मग वीस दिवस मिळतात, एकूण पन्नास. १५ सप्टेंबरला नोंदलेल्या खर्चाला मिळतात फक्त वीस. दोन्ही एकाच बिलात, एकाच ड्यू डेटला भरायचे. म्हणून मोठी खरेदी बिल निघाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करायची, ही जाणकारांची रीत. आपल्या शिक्षिकेने १४ तारखेला खरेदी केली तेव्हा हे मनात नव्हतं. नोंद दोन दिवस उशिरा झाली म्हणून त्यांना स्वाइपपासून तब्बल बावन्न दिवस मिळाले. यावर भरवसा ठेवून शेवटच्या दिवशी खरेदी करण्यात मात्र अर्थ नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून केलेला व्यवहार कित्येकदा त्याच दिवशी पक्का नोंदला जातो आणि त्याच रात्रीच्या बिलात येऊन बसतो.

बिल बंद होण्याची आणि पैसे भरण्याची तारीख एकच समजली की दोन उलट्या चुका होतात. पहिल्या चुकीत माणूस ४ सप्टेंबरला आठ हजारांऐवजी अडतीस हजार भरून टाकतो. यात नुकसान फारसं नाही. जादा तीस हजार पुढच्या बिलात जमा धरले जातात, फक्त महिनाभर आपल्या खात्यात राहिले असते ते पैसे आधी गेले. दुसरी चूक महागात पडते. ४ सप्टेंबरला आठ हजार भरले, १५ सप्टेंबरला पुन्हा बिल आलं, आणि मनात आलं की आत्ता अकरा दिवसांपूर्वीच तर भरलंय, हे जुनंच असेल. बिल उघडलंच जात नाही. किंवा उघडलं तरी ऑक्टोबरचा पगार यायच्या आत वॉशिंग मशीनचे तीस हजार भरावे लागतील याची तयारी केलेली नसते, कारण ऑगस्टमधला तो खर्च ऑगस्टच्या बिलात न दिसल्याने डोक्यातून निघून गेलेला असतो.

या दुसऱ्या चुकीचा हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. सोपं जावं म्हणून सप्टेंबरच्या बिलात फक्त वॉशिंग मशीन आहे असं धरू : तीस हजार, ड्यू डेट ५ ऑक्टोबर. मध्ये २ ऑक्टोबरला दसरा आला आणि सहा हजारांचे कपडे याच कार्डावर घेतले. ५ तारखेला हाती पंचवीस हजारच होते, तेवढे भरले. पाच हजार राहिले. व्याजाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के धरू. भारतात अनेक कार्डांवर याच्या आसपासचा दर असतो. माणसाला वाटतं, पाच हजारांवर दहा दिवसांचं व्याज, साठ रुपयांच्या आत जाईल.

१५ ऑक्टोबरच्या बिलात मात्र व्याज येतं सुमारे १,९४२ रुपये. ते असं. बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत संपूर्ण बिलाची रद्द होते, फक्त उरलेल्या रकमेची नव्हे. त्यामुळे बँक तीस हजारांवर खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १४ ऑगस्टपासून, ५ ऑक्टोबरपर्यंत बावन्न दिवसांचं व्याज लावते : १,७९५ रुपये. उरलेल्या पाच हजारांवर ५ ते १५ ऑक्टोबर दहा दिवसांचे ५७ रुपये. आणि दसऱ्याच्या कपड्यांवरही, ते नव्या बिलातले असून आणि त्यांची ड्यू डेट अजून यायची असूनही, २ ऑक्टोबरपासून तेरा दिवसांचे ९० रुपये, कारण मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. या व्याजावर अठरा टक्के जीएसटी धरला की एकूण २,२९२ रुपये होतात. पाच हजार कमी भरल्याची ही किंमत.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पक्की नोंद उशिरा झाली म्हणून खर्च पुढच्या बिलात गेला, हा फायदा झाला होता. पण व्याज लावताना अनेक बँका खरेदीची तारीख धरतात, नोंदीची नाही. म्हणजे बावन्न दिवसांची ती लांबलेली मुदत बिल पूर्ण भरलं नाही तर बावन्न दिवसांचं व्याज होऊन उलटते. कार्डाबरोबर येणाऱ्या महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात हे एका उदाहरणासह दिलेलं असतं, आणि मागच्या महिन्याची बाकी राहिल्यास बिनव्याजी मुदत जाते हे तिथे स्पष्ट सांगण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलेलं आहे. ते पान वाचायचा कंटाळा करू नये. आपल्या कार्डाचा खरा हिशेब त्याच पानावर असतो.

'मिनिमम ड्यू' भरल्याने यातलं काहीच टळत नाही. तीस हजारांच्या बिलावर ही रक्कम दीड हजारांच्या आसपास असते. तेवढी वेळेत भरली तर उशिराचा दंड लागत नाही आणि खातं थकीत धरलं जात नाही. व्याज मात्र पूर्ण लागतं. बिलावर मोठ्या अक्षरात शेजारी-शेजारी छापलेल्या या दोन रकमांमधली कोणती भरली, यावर पुढच्या दोन महिन्यांचा हिशेब ठरतो.

दोन महिने म्हणण्याचं कारण आहे. १५ ऑक्टोबरच्या बिलात बाकी पाच हजार, कपड्यांचे सहा हजार आणि व्याज-कर मिळून १३,२९२ रुपये आले. समजा, ते शिक्षिकेने ४ नोव्हेंबरला, ड्यू डेटच्या दिवशी, एकूण एक भरले. तरीही १५ नोव्हेंबरच्या बिलात पुन्हा अडीचशे रुपयांच्या आसपास व्याज दिसतं. पूर्ण भरूनही व्याज कसं, म्हणून लोक इथे चिडतात, आणि ते चिडणं मला पटतं, कारण बिलावर याचा खुलासा सहसा नसतो. झालेलं असतं एवढंच, की १५ ऑक्टोबरच्या बिलात व्याज मोजलं गेलं ते १५ तारखेपर्यंतचं. त्यानंतर अकरा हजारांवरचं व्याज पैसे भरेपर्यंत रोज चालूच राहिलं. ते वीस दिवसांचं व्याज पुढच्या बिलात उतरतं. एकदा बाकी राहिली असेल, तर पुढचं बिल निघाल्याबरोबर भरावं, ड्यू डेटची वाट पाहू नये. बिनव्याजी मुदत हातात असताना ड्यू डेटपर्यंत थांबणं शहाणपणाचं. ती गेलेली असताना थांबलेला प्रत्येक दिवस पैसे घेतो. एटीएममधून क्रेडिट कार्डावर काढलेल्या रोख रकमेला तर ही मुदत मुळातच नसते, तिथे व्याज पहिल्या दिवसापासून.

ड्यू डेट चुकली तर काय, याबद्दल रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०२२ चे निर्देश उपयोगी आहेत. ते त्या वर्षी जुलैपासून लागू झाले. त्यांनुसार बँकेने बिल पाठवायला उशीर करायचा नाही आणि व्याज लागण्याआधी ग्राहकाला किमान पंधरवडा मिळायला हवा. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही, की क्रेडिट ब्यूरोला थकबाकी कळवता येत नाही. दंडही उरलेल्या रकमेवरच लागतो. मात्र तीन दिवस उलटले की दिवसांची मोजणी ड्यू डेटपासूनच धरली जाते. आणि ही सवलत दंडापुरती आणि थकबाकी कळवण्यापुरती आहे. व्याजाच्या बाबतीत तिच्यावर विसंबून तारीख पुढे ढकलू नये.

परत केलेल्या वस्तूचा गोंधळही दोन तारखांमधलाच. समजा, वॉशिंग मशीन खराब निघालं, २० सप्टेंबरला परत केलं आणि दुकानाने २८ सप्टेंबरला पैसे परत पाठवले. १५ सप्टेंबरच्या बिलावर तर तीस हजार भरायचे असं छापलेलं आहे, आणि छापलेलं बिल बदलत नाही. याच निर्देशांनुसार ड्यू डेटच्या आत आलेला परतावा, बिल अजून भरलं नसेल तर, लगेच भरायच्या रकमेतून वळता करून ग्राहकाला कळवायचा आहे. म्हणून ५ ऑक्टोबरच्या आधी अ‍ॅपमध्ये 'आता भरायची रक्कम' किती दाखवतात ते पाहावं. ती शून्य झाली असेल तर काम झालं. परतावा ५ तारखेपर्यंत खात्यात आलाच नाही, तर दुकानदाराने पाठवल्याचा मेसेज असूनही बिल पूर्ण भरावं. परतावा नंतर जमा होईल, पण न भरलेल्या बिलाचं व्याज दुकानदार देत नाही.

ज्यांचा पगार महिनाअखेरीस होतो आणि ड्यू डेट वीस-पंचवीस तारखेला येते, त्यांची ओढाताण तारीख बदलून कमी होऊ शकते. सगळ्या ग्राहकांची बिलाची तारीख एकच नसते, आणि रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२४ मधल्या दुरुस्तीनंतर बँकेला ग्राहकाच्या सोयीनुसार ही तारीख किमान एकदा बदलून द्यावीच लागते. अ‍ॅपवरून, ई-मेलने किंवा ग्राहक सेवेला फोन करून मागणी करता येते. मागायची असते ती बिलाची तारीख, ड्यू डेट नव्हे. ड्यू डेट तिच्यामागून आपोआप सरकते. एक तारखेला पगार होत असेल आणि बँक वीस दिवस देत असेल, तर १३ ते १५ तारखेचं बिल मागावं म्हणजे ड्यू डेट पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला, पगार हातात असताना येते. मागणी करण्याआधी चालू बिल पूर्ण भरून टाकावं. बदलाच्या महिन्यातलं एक बिल नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड असतं, कधी वीस दिवसांचं, कधी चाळीसचं. बँक खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याची सोय लावली असेल तर ती नव्या ड्यू डेटला जोडली गेली का, आणि ती 'टोटल ड्यू'साठी आहे की 'मिनिमम ड्यू'साठी, हेही त्याच वेळी तपासून घ्यावं.